अ ताणला म्हणून आ होत नाही

चहाला टेस्ट असते आणि रक्ताचीही टेस्ट असते. पहिली जिभेला कळते, दुसरीचा कागद संध्याकाळी मिळतो. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचं स्पेलिंग वेगळं आहे आणि उच्चारही वेगळा आहे. मराठीत आल्यावर मात्र दोघे एकजीव झाले. पेनचंही तसंच. ज्याने लिहायचं ते पेन, आणि पेनकिलर घेतल्यावर जे थांबतं तेही पेन. स्टेशनाची पश्चिम बाजू वेस्ट आणि वाया गेलेला वेळही वेस्ट. या शब्दांमुळे आपला कधी घोटाळा होत नाही, कारण रक्त चवीला कसं होतं असं कुणी विचारत नाही.

भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी स्वर शिकवायला लागतो तेव्हा घशाची आकृती फळ्यावर काढत नाही, आधी ही टेस्ट काढतो. आकृतीतली नावं मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की परत करतात. टेस्टचं कोडं मात्र डोक्यात राहतं. दोन शब्द आपल्याला एक का वाटतात? आणि ज्यांची ती भाषा आहे त्यांना ते दोन खरंच ऐकू येतात का? गेल्या वर्षी सोलापूरकडच्या एका मुलीने हे अगदी रोखठोक विचारलं होतं, "सर, त्यांना ऐकू येतं, की स्पेलिंग माहीत असतं म्हणून तसं वाटतं?"

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर इंग्रजीत शोधण्याआधी आपल्याच घरात शोधावं म्हणून तिलाच उभं केलं. तिच्या हातात दहा चिठ्ठ्या दिल्या. काहींवर 'बळ' लिहिलेलं, काहींवर 'बाळ'. तिने एकेक चिठ्ठी बघून 'आता मी अमुक म्हणते' एवढंच वाक्य बोलायचं आणि बाकीच्यांनी जे ऐकू आलं ते वहीत लिहायचं. दहापैकी दहा बरोबर आले. एवढं सोपं काय विचारता, असा चेहरा सगळ्यांनी केला. मग दुसऱ्या दहा चिठ्ठ्या दिल्या. यांच्यावर 'दिन' आणि 'दीन' होतं, म्हणजे एक दिवस आणि एक गरीब बिचारा.

पहिल्या खेपेला तिने 'दीऽऽन' असं काही लांबवलं की वर्ग हसायला लागला. हा प्रयोग इथेच फसतो. समोर कागद असला की माणूस शब्द बोलत नाही, शुद्धलेखन बोलतो. म्हणून तो शब्द वाक्याच्या मध्ये टाकायचा आणि वाक्य रोजच्या बोलण्याच्या वेगाने म्हणायचं. तसं केल्यावर कुणाचे दहापैकी चार बरोबर आले, कुणाचे सहा. नाणं उडवून लिहिलं असतं तरी एवढेच आले असते. म्हणजे कागदावर दोन असलेले हे शब्द कानाला एकच आहेत. हीच गत 'शिर' आणि 'शीर' यांची, म्हणजे डोकं आणि रक्तवाहिनी. मुलगा या अर्थाचा 'सुत' आणि सुईत ओवायचं 'सूत' यांचीही तीच.

बळ आणि बाळ यांच्यात एकाच आवाजाचा फरक आहे आणि तेवढ्याने अर्थ बदलतो. म्हणून अ आणि आ हे मराठीचे दोन वेगळे स्वनिम. दिनच्या जागी दीन म्हटलं तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून मराठीच्या बोलण्यात ह्रस्व इ आणि दीर्घ ई मिळून एकच स्वनिम. स्वनिमाची व्याख्या पुस्तकात बरीच लांब असते, पण तिचा गाभा या चिठ्ठ्यांच्या खेळात आहे. कानावर पडणारे आवाज अगणित असतात, दोन वेळा म्हटलेला 'आ' मोजयंत्राला कधीच सारखा दिसत नाही. त्यातले कोणते फरक अर्थासाठी मोजायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते.

मला यासाठी शेताची उपमा बरी वाटते. तोंडातली स्वरांची जागा म्हणजे एकसलग रान. जीभ त्यात कुठेही थांबू शकते. या रानात बांध घालते ती भाषा. मराठीने ते एका तऱ्हेने घातले, इंग्रजीने दुसऱ्या तऱ्हेने. रान सगळ्यांचं सारखंच, कारण जीभ, टाळू आणि जबडा सगळ्यांचे सारखेच. ज्याच्या शेतात जिथे बांध नाही, तिथे त्याला हद्द दिसत नाही.

मग मराठीत ह्रस्व-दीर्घ नाहीच का? आहे, पण ते अर्थाच्या कामाचं नाही, जागेवरून ठरतं. 'तीळ' म्हणताना ई लांब असते, 'तिळाचा लाडू' म्हणताना ती आपोआप आखडते. फूल आणि फुलाचा, मूल आणि मुलाला, पीठ आणि पिठात, सगळीकडे हाच कारभार. शेवटच्या अक्षरात जागा ऐसपैस असते म्हणून स्वर पसरतो, पुढे प्रत्यय आला की आवरून बसतो. एकाच स्वनिमाच्या अशा जागेनुसार बदलणाऱ्या रूपांना स्वनांतरं म्हणतात. कुणी चुकून 'तीळाचा' म्हणालं तर बोलणं जरा हेल काढल्यासारखं वाटेल, पण लाडू तिळाचाच राहील.

आपल्या कानाला ही जागेची शिस्त किती पक्की बसली आहे, ते चुकांवरून कळतं. 'विष' आणि 'गुण' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आहेत, म्हणून लिहिताना ते ह्रस्व. पण मराठी तोंड 'वीष' आणि 'गूण' असंच म्हणतं, जसं ते तीळ आणि फूल म्हणतं. मुलं ऐकलं तसं लिहितात आणि लाल शाई खातात. शेवटच्या अक्षराच्या बाबतीत नियम करणाऱ्यांनी कानापुढे मान तुकवली. 1962 च्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी 'कवि' आणि 'गुरु' यांना 'कवी' आणि 'गुरू' केलं. उपांत्य अक्षराच्या वेळी मात्र संस्कृत शब्दांना सूट दिली. म्हणून आपल्या शुद्धलेखनातला हा भाग आवाज ऐकून नाही, शब्दाचं मूळ गाव आठवून सोडवावा लागतो.

आता तोंडात शिरू. स्वर तयार होतो दोन टप्प्यांत. फुप्फुसातून वर येणारी हवा गळ्यातल्या स्वरयंत्रात पोचते. तिथे दोन स्नायूंच्या पडद्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. त्या जवळ येऊन थरथरतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या बोलण्यात साधारण दोनशे वेळा. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून 'आऽ' म्हटलं की ती थरथर हाताला लागते. पण या थरथरीत अजून कुठलाच स्वर नसतो, ती नुसती भुणभुण असते. तिला अ, आ, इ, उ असा आकार येतो तो वरच्या पोकळीत, म्हणजे घसा आणि तोंड मिळून झालेल्या नळीत. मोठ्या पुरुषात ही नळी स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत सुमारे सतरा सेंटिमीटर भरते.

हे पटत नसेल तर कुजबुजून बघा. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, घाटीवरचं बोट गप्प राहतं. तरीही 'इ', 'आ', 'उ' वेगवेगळे ओळखू येतात. म्हणजे स्वराची ओळख गळ्यात नाही, नळीच्या आकारात आहे. आणखी एक गंमत करा. ई, ए, आ, ओ, ऊ हे याच क्रमाने लांब कुजबुजा. हवेचा सरसर आवाज पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली जाईल. इथे गळ्याचा सूर नाहीच, मग खाली कोण उतरतंय? मातीच्या माठात पाणी भरताना आठवा. माठ रिकामा असतो तेव्हा आवाज जाड असतो. पाणी चढतं, वरची पोकळी लहान होते आणि आवाज बारीक होत जातो. न बघता माठ भरत आला हे आपल्याला त्यावरूनच कळतं. 'ई' म्हणताना जीभ पुढे आणि वर, टाळूच्या जवळ जाते, तिच्यापुढे अगदी लहान पोकळी उरते आणि ती बारीक गाते. 'ऊ' म्हणताना जीभ मागे ओढली जाते, ओठांचा चंबू होतो आणि पुढची पोकळी मोठी होऊन जाड गाते.

जीभ कुठे जाते ते बघायला काडीचं चॉकलेट पुरतं, मुलांचं लॉलीपॉप. ते जिभेवर ठेवून 'ई' आणि मग 'आ' म्हणायचं. काडी वर उचलली जाते आणि मग खाली येते. या विषयातला थोर माणूस, लंडनचा डॅनियल जोन्स, याने 1917 च्या सुमाराला जिभेवर शिशाची बारीक साखळी ठेवून क्ष-किरणांनी स्वतःच्या स्वरांची छायाचित्रं घेतली होती. शिसं क्ष-किरणांत ठळक उमटतं, त्यामुळे जिभेच्या पाठीची रेघ मिळाली. अशा अभ्यासातून स्वरांचा तो प्रसिद्ध चौकोन आला. वर डावीकडे ई, वर उजवीकडे ऊ, खाली आ. डावी बाजू म्हणजे तोंडाचा पुढचा भाग, वरची म्हणजे टाळू. आपलं रान ते हेच. आमच्या वर्गात साखळी नसते, लॉलीपॉपचं बिल माझं असतं.

या रानात अ आणि आ कुठे आहेत? शाळेत आपण शिकलो की अ ह्रस्व आणि आ दीर्घ. मग 'अ' हवा तेवढा लांबवा. 'बळ' मधला अ दोन सेकंद धरा, 'बऽऽऽळ'. बाळ झालं का? नाही. आणि 'बाळ' झटकन, अगदी तोडून म्हणा. बळ होत नाही. आरशात बघितलं तर कारण दिसतं. 'आ' ला जबडा पडतो, जीभ तळाशी जाते. 'अ' ला जीभ मधोमध, अर्ध्या उंचीवर, जणू काही करायचंच नाही अशी पडून असते. दोघांत लांबीचा फरक असेल, पण ओळख पटते ती जागेवरून. पाणिनीला हे नीट ठाऊक होतं. उच्चारात ह्रस्व अ मिटलेला आणि आ उघडा. पण ह्रस्व-दीर्घाच्या जोड्यांचे नियम सुटसुटीत चालावेत म्हणून त्याने व्याकरणात दोघांना एका जातीचे मानलं. आठ अध्याय संपल्यावर अगदी शेवटच्या सूत्रात, ते फक्त दोन अक्षरांचं आहे, त्याने अ ला त्याचा खरा, मिटलेला उच्चार परत दिला. हिशेब लिहिताना केलेली सोय हिशेब संपल्यावर मिटवून टाकावी, तसं. शाळेतल्या पुस्तकांनी सोय ठेवली आणि शेवटचं सूत्र विसरलं.

इंग्रजांच्या कानालाही अ आणि आ वेगळे लागले होते, याचा पुरावा जुन्या नकाशांवर आहे. 'नगर' लिहिताना त्यांनी एन नंतर यू टाकला, पंजाब लिहिताना पी नंतर यू. आजही पंजाबात तो यू आहे. आपण त्याला हसतो, पण त्यांच्या 'कप' या शब्दात यू आहे आणि तो स्वर आपल्या अ च्या अगदी शेजारचा आहे. त्यांनी आपल्या शेतातल्या जवळच्या वाफ्यात आपला अ ठेवला, एवढंच.

आता शिप आणि शीप, म्हणजे जहाज आणि मेंढी. प्रत्येक इंग्रजी माध्यमाच्या आणि मराठी माध्यमाच्या मुलाला हे शिकवलेलं असतं की जहाज ह्रस्व, मेंढी दीर्घ. देवनागरीत तसं लिहिताही येतं, म्हणून ते खरंच वाटतं. माझ्या मते इंग्रजी उच्चारांच्या शिकवणीतला हा सगळ्यात महागात पडलेला सल्ला आहे. तो अर्धा खरा आहे आणि म्हणून जास्त फसवा आहे.

तीन इंग्रजी शब्द घ्या. 'बीड' म्हणजे मणी, जिल्हा नव्हे. 'बीट' म्हणजे मारणं, कोशिंबिरीचं नव्हे. आणि 'बिड' म्हणजे लिलावातली बोली. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ट, प, क असे अघोष आवाज आले की आधीचा स्वर आखडतो आणि ड, ब, ग असे घोष आले की पसरतो. त्यामुळे 'बीट' मधली ई 'बीड' मधल्या ई च्या सुमारे निम्मीच भरते. ती 'बिड' मधल्या तथाकथित ह्रस्व इ पेक्षा लांब नसते, पुष्कळदा थोडी आखूडच असते. तरीही इंग्रजी कानाला बीटमध्ये आणि बीडमध्ये एकच स्वर ऐकू येतो आणि बिडमध्ये दुसरा. आपल्याकडे तीळ आणि तिळाचा यांत जे चालतं तेच तिथे बीड आणि बीट यांत चालतं. लांबी जागेवरून ठरते, अर्थ ठरतो दुसऱ्याच कशाने.

ते दुसरं काय, हे 1952 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गॉर्डन पीटरसन आणि हॅरॉल्ड बार्नी यांनी मोजून ठेवलं. 76 माणसांकडून, त्यात पुरुष, बायका, मुलं सगळी होती, त्यांनी इंग्रजी स्वर म्हणवून घेतले आणि नळीतल्या पोकळ्या कोणत्या पट्टीत गातात ते मोजलं. अशा गाणाऱ्या पट्ट्यांपैकी खालच्या दोन स्वर ओळखायला बहुतेक वेळा पुरतात. पहिली जीभ खाली येईल तशी चढते. दुसरी जीभ पुढे जाईल तशी चढते, कुजबुजीत आपण पायऱ्या उतरताना ऐकतो ती मुख्यतः हीच. पुरुषांच्या सरासरीत मेंढीच्या ई चे आकडे आले 270 आणि 2290 हर्ट्झ. जहाजाच्या इ चे आले 390 आणि 1990. आकडे विसरले तरी चालतील, दिशा लक्षात ठेवायची. जहाजाचा स्वर म्हणताना जीभ मेंढीच्या जागेवरून खाली उतरते आणि थोडी मागे, मध्याकडे सरकते. ती ई ची आखूड आवृत्ती नाही. इ आणि ए यांच्या वाटेवरचा वेगळाच मुक्काम आहे. इंग्रजीने तिथे बांध घातला आहे, मराठीने घातलेला नाही.

वर्गात हे आम्ही कानाने तपासतो. 'प्राट' नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. आवाज त्यात रेघांच्या जंगलासारखा दिसतो आणि हवा तिथे कापता येतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या एका बाईंच्या आवाजातलं 'शीप' माझ्याकडे आहे. त्यातल्या स्वराचा मधला निम्मा तुकडा कापून टाकला आणि वर्गाला ऐकवला. बऱ्याच जणांनी वहीत 'शिप', जहाज, असं लिहिलं. तोच तुकडा त्या बाईंना ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, मेंढी, जरा घाईत आहे. आमच्या मुलांनी लांबी मोजली, त्यांनी जागा ऐकली. शाळेतल्या सल्ल्याने नेमकं चुकीच्या गोष्टीकडे कान लावायला शिकवलं होतं.

यावरचा इलाज मी सांगतो तो अगदी घरगुती आहे. शिप म्हणताना आखूड करायचा प्रयत्न सोडा. आधी 'शीप' म्हणा, मग 'शेप' म्हणा, आणि मग जीभ त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी सैल सोडा. ओठ ताणू नका. तो स्वर तीन सेकंद लांबवला तरी तो जहाजाचाच राहिला, तर जमलं. लांबवल्यावर त्याची मेंढी झाली, तर जीभ परत वर पळाली आहे. पहिल्याच तासाला हे कुणालाही साधत नाही. साधलं असं वाटतं, मग वाक्यात घातलं की जुनी सवय येते.

परत टेस्टकडे येऊ. हनुवटीखाली बोट ठेवून चव या अर्थाचा इंग्रजी शब्द लंडनच्या बातमीदारासारखा म्हणायचा. त्यातला स्वर एका जागी थांबत नाही. तो ए पाशी सुरू होतो आणि इ कडे सरकत जातो, साधारण 'टेइस्ट'. बोटाला जबडा किंचित वर जाताना कळतो. तपासणी या अर्थाच्या शब्दात जबडा थोडा जास्त उघडतो आणि तिथेच राहतो. आपला मराठी ए या दोघांच्या मध्ये, न सरकता, स्वस्थ उभा असतो. त्यामुळे दोन्ही पाहुणे आले की आपण त्यांना एकाच खोलीत उतरवतो. सोलापूरच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. हो, त्यांना ऐकू येतं, तुला बळ आणि बाळ येतं तसंच. इंग्रजीतही सगळे एका सुरात बोलत नाहीत हे मात्र खरं. स्कॉटलंडच्या बऱ्याच लोकांना 'पुल' आणि 'पूल' या शब्दांत एकच स्वर असतो, ओढणंही तेच आणि पोहण्याचा तलावही तोच. ब्रिटिश पाठ्यपुस्तकं वीस स्वर सांगतात, बारा स्थिर आणि आठ सरकणारे, पण तो हिशेब एका विशिष्ट बोलीचा आहे.

बांध कायमचे नसतात. आपल्याच शेतात शे-दीडशे वर्षांत दोन नवे पडले. जुन्या मराठी छापील मजकुरात 'ब्यांक' आणि 'म्यानेजर' सापडतात, 'आफीस' आणि 'डाक्टर' सापडतात. त्या वेळी इंग्रजीतला तो ए आणि आ यांच्यामधला उघडा स्वर आपल्याकडे नव्हता. म्हणून कुणी त्याला 'या' त घातलं, कुणी दुसऱ्याला 'आ' त. पुढे शब्द इतके आले आणि इतक्यांच्या तोंडी बसले की नवीन जागा आखली गेली. आज बेट आणि बॅट वेगळे आहेत, बोल आणि बॉल वेगळे आहेत, पान, पेन आणि पॅन तिन्ही वेगळे आहेत. चिठ्ठ्यांच्या खेळात पान-पेन-पॅनला वर्ग दहापैकी दहा मिळवतो. म्हणजे ॲ हा आता पाहुणा नाही. 2009 साली राज्य शासनाने मराठी वर्णमाला ठरवून दिली तेव्हा ॲ आणि ऑ यांना स्वरांच्या ओळीत जागा दिली. कानाने त्यांना ती कितीतरी आधी दिली होती.

ॲ साठी हिंदीला हा चंद्र काढावा लागला नाही, त्यामागेही बांधाचीच गोष्ट आहे. हिंदीत 'पैसा' मधला ऐ सरकत नाही, तो एक स्थिर उघडा स्वर झाला आहे, आपल्या ॲ च्या जवळचा. म्हणून हिंदीने बँकेला सरळ 'बैंक' लिहिलं. मराठीत ऐ अजून 'अइ' असाच, चालता स्वर आहे. 'बैंक' लिहिलं तर मराठी माणूस 'बइंक' वाचेल. आणि गोव्याच्या कोंकणीत उलटा प्रकार आहे. तिथे ए आणि ओ यांचे उघडा आणि मिटका असे दोन-दोन स्वर बोलण्यात आधीपासून आहेत, पण देवनागरीत त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं नाहीत. लिपीत आहे ते बोलण्यात नसतं, बोलण्यात आहे ते लिपीत नसतं, म्हणून स्वनिम मोजायला वर्णमाला उघडून चालत नाही. चिठ्ठ्याच लिहाव्या लागतात.

सत्राच्या परीक्षेत मी एक प्रश्न टाकला होता, मराठीत इ आणि ई हे वेगळे स्वनिम आहेत का, उदाहरणं देऊन सांगा. सोलापूरच्या मुलीने दोन पानं लिहिली. दिन-दीन आलं, तीळ-तिळाचा आलं, चिठ्ठ्यांचा प्रयोग आकड्यांसकट आला. आई 'विष' कसं म्हणते ते फोनवर ऐकून तिने टिपून ठेवलं होतं, तेही आलं. उत्तर वर्गातलं सगळ्यात चांगलं होतं. शेवटच्या ओळीत तिने 'हा मराठीचा गूण आहे' असं लिहिलं होतं, ण च्या आधी दीर्घ ऊ. शुद्धलेखनासाठी राखून ठेवलेल्यांतला अर्धा गुण मी कापला.